चार वाजले की दिवे विझवायचे

«आई, वादळ येणार असलं की आजी-आजोबा रात्रभर जागे का बसतात? जागून वादळ थांबतं का? आणि फोनवर सगळं दिसत असताना आजोबा बोटांवर तिथी का मोजतात? ही आपली रीत आहे का?»

लाडक्या ओवीस,

जागून वादळ थांबत नाही, हे आजीला तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण घरातलं माणूस दर्यात असेल तर त्या रात्री करण्यासारखं बरंच असतं, आणि ते सगळं भरतीच्या वेळेवर अवलंबून असतं. तुला तौक्ते वादळाच्या वेळची गोष्टच सांगते. मी तिथे नव्हते. मोबाइलचा टॉवर चालू होता तोवर फोनवर ऐकत होते, उरलेलं मामीनं नंतर सांगितलं. मामी पदरचं काही घालत नाही, त्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

१५ मे २०२१, शनिवार. वादळ तेव्हा गोव्याच्याही खाली होतं आणि किनाऱ्याला समांतर वर सरकत होतं. इशारा आधीच आला होता, हर्णै बंदरावर बावटा चढला होता आणि बहुतेक बोटी परतल्या होत्या. हर्णैचं बंदर उघडं, म्हणून वादळात तिथल्या बोटी शेजारच्या आंजर्ल्याच्या खाडीत आणून लावतात. त्या संध्याकाळी खाडीत बोटीला बोट लागली होती. त्यात मामाची नव्हती.

दिवेलागणीला दुसऱ्या एका बोटीनं निरोप आणला. मामा परत निघाला होता, पण वाटेत तुटक्या जाळ्याचा दोर त्याच्या बोटीच्या पंख्यात गुंडाळला गेला होता. खलाशी सुरी घेऊन आळीपाळीनं पाण्यात उतरत होते. वायरलेसची काठी मोडलेली, म्हणून निरोप तोंडी दिलेला: दोर सुटला की येतोच.

‘येतोच’ म्हणजे कधी, हा पुढचा प्रश्न. आजोबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि बोटं मोजली. ही मोजणी अगदी सोपी आहे. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, येईल ती भरतीची वेळ. त्या दिवशी शुक्ल चतुर्थी होती. चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी तीनला भरती होऊन गेली होती, पुढची पहाटे तीनच्या सुमारास. रात्री नऊला पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्या धरून पंधरा दिवसांचं हे चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. थोडं मागेपुढे होतं, प्रत्येक खाडीचं थोडं वेगळं असतं, पण बोट आत घ्यायला तेवढा अंदाज पुरतो.

एवढं भरतीचं कौतुक का, ते सांगते. आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा आडवा दांडा आहे. आजोबा नऊला, ओहोटी पूर्ण असताना, छोट्या होडीतून बांबू घेऊन गेले आणि दांड्यावर सर्वांत खोल वाट कुठे आहे ते टोचून टोचून बघून आले. दर पावसाळ्यात वाळू सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीची वाट कामाची नसते. बांबूला दोन फूट पाणी लागलं. भरतीनं आणखी आठेक फूट चढेल, म्हणजे दहा. मामाच्या बोटीला पाच फूट लागतं. तू म्हणशील, मग भरपूर आहे की! पण लाट उठते तशी बसतेही. दोन लाटांच्या मधल्या खळग्यात पाणी तीन-चार फूट खाली जातं, आणि तेवढ्यात बोट तिथे असली तर तिचा तळ वाळूवर आपटतो. पूर्ण भरतीला फूट-दोन फुटांचा खेळ उरत होता. तास-दीड तास उशीर झाला तर तोही नाही. शिवाय पाणी ओसरायला लागलं की खाडीतून बाहेर पडणारा ओढा आणि समुद्रातून येणारी लाट समोरासमोर भिडतात. मग लाट उभी राहते आणि दांड्यावर कोसळते. बोटी बुडतात त्या बऱ्याचदा अशाच, घर दिसत असताना.

आता गंमत बघ. रात्री दहाला वारा अगदीच बेताचा होता, तोही पूर्वेचा, जमिनीवरून येणारा. किनाऱ्यालगतचं पाणी गुळगुळीत. पाहुणा म्हणाला असता, कुठे आहे तुमचं वादळ? पण दांड्यावर लाट फुटल्याचा आवाज येत होता आणि दोन आवाजांमध्ये बराच वेळ जात होता. तुझ्या मामेभावानं, दादानं, घड्याळ लावून बघितलं, बारा-तेरा सेकंद. रोजची लाट त्याच्या निम्म्या वेळात येते. अशी लांब लाट तिथल्या वाऱ्याची नसते. दूर कुठेतरी वादळानं उठवलेली ती लाट वादळाच्या आधी पोचते. आजोबा म्हणाले, “वारा दक्षिणेला फिरला की समजायचं जवळ आलं. नैर्ऋत्येला गेला की मग खाडीचं नाव काढायचं नाय.” वादळ आपल्या पश्चिमेकडून वर जात असलं तर वारा याच क्रमानं फिरतो, पूर्व, दक्षिण, नैर्ऋत्य. त्यामुळे घरातलं कोणी ना कोणी दर थोड्या वेळानं अंगणात जाऊन तोंडावर वारा घेऊन येत होतं.

आत मामी आणि आजी वाळलेलं सुकट-बोंबील माळ्यावर चढवत होत्या. आदल्या वर्षी, ३ जून २०२०ला निसर्ग वादळात आमचे पत्रे उडाले होते, म्हणून या खेपेला दोर आडवे टाकून त्यांना दगड बांधले होते. निसर्गात नुकसान फार झालं, पण तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या आणि सगळी माणसं एका छपराखाली होती. आजीच्या लेखी ती रात्र बरी होती. तिला फयान आठवत होतं. नोव्हेंबर २००९मध्ये फयान आलं तेव्हा कितीतरी बोटी दर्यात होत्या, त्यांच्यापर्यंत इशारा धड पोचलाच नव्हता, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीच माणसं परत आली नाहीत. आजी हे बोलली नाही. भाकऱ्या मात्र तिनं घरात माणसं चार असताना दहाजणांच्या थापल्या.

ज्यांची माणसं परतली होती त्या बायकाही येऊन बसल्या. ही रीत मात्र आहे. अशा वेळी कोणी “येईल हो, काळजी करू नको” म्हणत नाही. सुपारी कातरतात, लसूण सोलतात, बाजारभावाचं बोलतात.

बाराच्या सुमारास वीज गेली, पाठोपाठ टॉवर गेला आणि माझा फोन तुटला. वीज जाणं म्हणजे नुसता अंधार नव्हे. रात्री खाडीत शिरताना नाखवा किनाऱ्यावरचे ओळखीचे दिवे बघून बोट सरळ धरतो. ते सगळे गेले. म्हणून दोन वाजता आजी, आजोबा आणि दादा दोन बॅटऱ्या घेऊन निघाले. आजोबांनी बांबूनं शोधलेल्या वाटेच्या नेमक्या रेषेत, एक बॅटरी पाण्याजवळ खाली आणि दुसरी तिच्या बरोबर मागे, लांब आणि उंचावर. खाली आजी, वर दादा. समुद्रातून येणाऱ्याला दोन्ही दिवे एकावर एक दिसले की बोट बरोबर वाटेवर आहे. खालचा दिवा डावीकडे सरकलेला दिसला की बोट डावीकडे घ्यायची, उजवीकडे दिसला की उजवीकडे. बस, एवढंच. वायरलेस नाही, फोन नाही, तरी वाट सांगता येते.

पण आजोबांनी आणखी एक गोष्ट ठरवून ठेवली होती आणि ती मामाला लहानपणापासून माहीत होती: दिवे दिसले तर ये, विझले तर येऊ नको. चार वाजले की विझवायचे. मग मामानं उत्तरेला वळून दिघीला जायचं. तिथली खाडी खोल आहे, आत शिरायला भरतीची वाट बघावी लागत नाही, आणि वादळ मागून येत असताना त्याच्या पुढे राहता येतं.

तीन वाजले, साडेतीन झाले. वारा पूर्वेचाच, पण आता झोत यायला लागले होते. पावणेचारला पाण्याजवळ रोवलेली काठी उघडी पडायला लागली, म्हणजे पाणी उतरू लागलं होतं. पूर्वेचा वारा पाणी बाहेर ढकलतो, त्यामुळे भरती थोडी कमीच चढली होती.

मग दादाला बाहेर एक दिवा दिसला. लांब होता, वरखाली होत होता. तो ओरडला, “आजी, बाबा आले!” तेव्हा चार वाजायला पाच-सात मिनिटं असतील. बोट अजून दोनेक मैल बाहेर, म्हणजे दांड्यापर्यंत यायला पंधरा-वीस मिनिटं. आजोबांनी काठीकडे बघितलं, दांड्यावर फुटणारी लाट ऐकली आणि काहीच बोलले नाहीत. दादा म्हणत होता, पाचच मिनिटं थांबू या, आलेच ते. ओवी, खालची बॅटरी आजीच्या हातात होती, आणि तिनं ती बरोबर चारला बंद केली. मग वर दादाला हाक मारली, “बंद कर रं.” दादानं केली, पण तो आठवडाभर आजीशी नीट बोलत नव्हता.

बाहेरचा दिवा थोडा वेळ तिथेच हलत राहिला आणि मग उजवीकडे सरकायला लागला, उत्तरेला.

त्यानंतरचे पाच तास कसे गेले ते मामी सांगत नाही. मी विचारतही नाही. टॉवर कधीतरी सकाळी परत आला आणि नऊनंतर दिघीहून फोन आला. इथे परदेशात तेव्हा रविवारची दुपार होती, तू सोफ्यावर झोपली होतीस. मामा म्हणाला, दिवे एका रेषेत येतच होते की गेले. त्यानं तेव्हा आजोबांना ज्या शिव्या घातल्या त्या मी पत्रात लिहीत नाही. रात्री उशिरा वारा दक्षिणेला आणि मग नैर्ऋत्येला गेला, खाडीच्या तोंडाशी नुसता फेस होता आणि स्वयंपाकघरावरची कौलं उडाली. पत्रे टिकले.

आता फोनचं. आजोबांच्या फोनमध्ये भरती दाखवणारं ॲप दादानंच घालून दिलंय, आणि ते रोज बघतात. मग बोटांवर मोजतात. दोन्हींत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त फरक निघाला तर दिवसभर ॲपवाल्याचा उद्धार चालतो. मे महिन्यात गेलो की त्यांना म्हण, ओहोटीला मला बांबू घेऊन होडीतून न्या. नेतील. चप्पल मात्र घालू नको, गाळात अडकून राहते.

तुझी,
आई