सरांना डब्याबद्दल लिहिताना

मुलगा शाकाहारी आहे, एवढेच खेळाच्या सरांना कळवून थांबू नका. कारण सरावानंतर दोन अंडी खा असे ते सांगतात तेव्हा त्यांना साधारण 12 ग्रॅम प्रथिने अपेक्षित असतात आणि त्याऐवजी डब्यात काय येणार, हे त्यांना कळायला हवे.

माझ्या मुलाचा कबड्डीचा सराव 5 ते 7 असे. मी लिहिले होते: "सर, तो अंडी खात नाही, सरावानंतर मूठ-दीड मूठ, म्हणजे 50 ग्रॅम फुटाणे आणि पेलाभर दूध घेईल, त्यातून सुमारे 18 ग्रॅम प्रथिने मिळतील." त्यानंतर अंड्यांचा विषय निघाला नाही.

सरावापूर्वीच्या खाण्याची वेळही जरूर लिहा. पहिल्या आठवड्यात मी साडेचारला मटकीची उसळ दिली (हौस माझीच!) आणि चढाई करताना त्याच्या पोटात कळ येऊ लागली, कारण कडधान्य पचायला वेळ लागतो. मग चारला गूळ-पोळी किंवा केळे दिले आणि उसळ रात्रीच्या जेवणात लिंबू पिळून ठेवली, कारण लिंबामुळे कडधान्यातील लोह अधिक शोषले जाते. बाहेरगावच्या स्पर्धेसाठी मात्र केकमध्ये अंडे चालते की नाही, हेही आधीच स्पष्ट कळवावे.