दोन सॉर्ट केलेल्या लिस्ट एकत्र करून एकच सॉर्टेड लिस्ट कशी करायची?

*प्रश्न: दोन लिस्ट आधीच चढत्या क्रमाने लावलेल्या आहेत. त्यांची एकच सॉर्टेड लिस्ट करायची आहे. मी दोन्ही जोडून परत सॉर्ट करतो, पण सर म्हणतात त्याची गरज नाही. नवशिक्याला समजेल असं सांगा.*

तुमचे सर बरोबर सांगतायत. दोन्ही लिस्ट जोडून टाकल्या की त्या लावण्यात गेलेली मेहनत आपणच विस्कटतो. मी हे मुलांना नेहमी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर करायला लावते, कारण हाताने एकदा केलं की कोड जवळजवळ आपोआप सुचतो.

समजा 'अ' आणि 'ब' अशा दोन तुकड्यांचे गठ्ठे टेबलावर आहेत. दोन्ही गुणांप्रमाणे लावलेले, सर्वांत कमी गुणांचा पेपर वर. अ मध्ये 12, 25, 31, 40. ब मध्ये 18, 25, 28, 44, 47.

आता फक्त वरचे दोन पेपर बघायचे. 12 आणि 18 मध्ये 12 लहान, तो उचलून नव्या गठ्ठ्यात ठेवायचा. (पालथा ठेवा, म्हणजे शेवटी अख्खा गठ्ठा उलटा केला की 12 वर येईल.) आता अ वर 25 दिसतो, ब वर अजून 18 आहे, 18 उचला. मग दोन्हीकडे 25, त्यातला अ चा आधी घेऊ. त्यानंतर 31 समोर 25, ब चा घ्या. 31 समोर 28, पुन्हा ब चा. 31 समोर 44, आता अ चा. 40 समोर 44, पुन्हा अ चाच. इथे अ संपला. ब मध्ये उरलेले 44 आणि 47 आधीच क्रमाने आहेत, ते न बघता तसेच उचलून ठेवायचे. नऊ पेपर लागले आणि तुलना झाल्या फक्त सात.

खालचे पेपर न बघता चालतं कसं, हा यातला खरा प्रश्न. प्रत्येक गठ्ठ्यात वरच्या पेपरपेक्षा कमी गुणांचा पेपर खाली असूच शकत नाही. म्हणजे उरलेल्या सगळ्या पेपरांमधला सर्वांत लहान हा त्या दोन वरच्यांपैकीच एक असणार. एक तुलना केली की एक पेपर कायमचा जागेवर बसतो, त्याला परत हात लावावा लागत नाही. म्हणून `m` आणि `n` पेपरांच्या दोन गठ्ठ्यांना जास्तीत जास्त `m + n - 1` तुलना लागतात. शेवटचा पेपर तुलनेशिवायच बसतो.

पायथॉनमध्ये हेच असं लिहाल:

```python
def merge(a, b):
    i = j = 0
    c = []
    while i < len(a) and j < len(b):
        if a[i] <= b[j]:
            c.append(a[i])
            i += 1
        else:
            c.append(b[j])
            j += 1
    return c + a[i:] + b[j:]
```

`i` आणि `j` म्हणजे त्या त्या गठ्ठ्यात सध्या वर असलेला पेपर. पेपर खरोखर काढून टाकायची गरज नाही, बोट एक घर पुढे सरकवलं की झालं. `a.pop(0)` करू नका. दर वेळी मागचे सगळे घटक एकेक जागा पुढे सरकवावे लागतात आणि मोठ्या लिस्टवर कोड रेंगाळतो.

`<=` मधलं बरोबरीचं चिन्हही महत्त्वाचं आहे. त्यामुळेच 25 गुणांच्या दोन पेपरांत अ चा आधी आला. नुसतं `<` लिहिलं तरी आकडे क्रमानेच लागतील, पण समान गुण असताना ब चा पेपर पुढे जाईल. नुसत्या आकड्यांत हा फरक दिसत नाही, पेपरवर नावं असली की लगेच दिसतो.

सर्वांत जास्त चुका शेवटच्या ओळीत होतात. उरलेला भाग जोडायचा राहिला तर आपल्या उदाहरणात 44 आणि 47 गायब होतील, आणि पायथॉन काहीच तक्रार करणार नाही. `len(c)` सात येतो की नऊ, एवढं बघितलं तरी हे पकडता येतं. `and` च्या जागी `or` लिहिलंत तर संपलेल्या गठ्ठ्यातही हात घातला जातो आणि `IndexError: list index out of range` येतं. ही चूक निदान ओरडून तरी सांगते.

याहून फसवी चूक म्हणजे मुळात न लावलेला गठ्ठा देणं. `merge([25, 12], [18, 30])` चालवून बघा: उत्तर `[18, 25, 12, 30]` येतं. एररही नाही, घटकही चारच, पण क्रम चुकलेला. 25 खाली 12 लपला होता आणि आपण खाली बघतच नाही. तुमच्या लिस्ट दुसऱ्या कुणाकडून येत असतील, तर merge करण्याआधी प्रत्येकीवरून एकदा फिरून प्रत्येक आकडा मागच्या आकड्यापेक्षा लहान तर नाही ना, हे तपासा.