वर्गाच्या यादीवर थांबू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तू लिहीत असलेल्या चरित्रासाठी कॉलेजच्या ग्रंथालयात जुने वार्षिक अंक पाहायला परवानगी मिळाली, हे उत्तम झालं. पण पत्रात तू लिहिलं आहेस की चरित्रनायकाच्या बी.ए.च्या वर्षाची यादी उतरवून घेतली की त्याचे मित्र सापडतील. तिथेच थोडं थांब.

टिळकांचंच उदाहरण घे. ते १८७२ मध्ये मॅट्रिक झाले आणि पुढच्या वर्षी डेक्कन कॉलेजात दाखल झाले. पहिलं वर्ष तालीम आणि शरीर कमावण्यात गेलं, त्यामुळे बरोबर आलेली मुलं पुढे गेली आणि टिळक मागच्या तुकडीत आले. म्हणजे त्यांना वर्गमित्रांचे दोन गट झाले. पदवीच्या वर्षाची यादी पाहणाऱ्याला त्यातला फक्त दुसरा गट दिसतो. ज्यांच्याबरोबर ते कॉलेजात प्रथम आले, ती मुलं त्याला दिसतच नाहीत. शिवाय चरित्रांत बी.ए.चं साल कुठे १८७६ दिलेलं असतं, कुठे १८७७. परीक्षा एका वर्षी आणि पदवीदान पुढच्या वर्षी, असं झालं की हा घोळ होतोच. म्हणून मागचं-पुढचं एकेक वर्ष नेहमी पाहावं.

आता आगरकर. ते १८७५ मध्ये मॅट्रिक झाले, बी.ए. १८७८ मध्ये. टिळकांच्या कुठल्याच वर्गात ते नव्हते. तरी आयुष्याला वळण देणारी मैत्री जमली ती त्यांच्याशीच, कारण १८७९ च्या सुमारास टिळक एलएल.बी.साठी कॉलेजातच राहत होते आणि आगरकर एम.ए.चा अभ्यास करत होते. वर्ग वेगळे, पण वसतिगृह एक. रात्री उशिरापर्यंत गप्पा रंगल्या त्या तिथे, आणि १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं त्याच्या मुळाशी त्या गप्पा होत्या.

तेव्हा तू असं कर. एका मोठ्या कागदावर चरित्रनायकाची कॉलेजातली वर्षं आडवी मांड. प्रत्येक वर्षाखाली त्या वर्षी कॉलेजच्या आवारात असलेली नावं लिही; वर्ग कुठला का असेना. त्या काळासाठी मुंबई विद्यापीठाची वार्षिक कॅलेंडरं हाताशी घे; पदवीधरांच्या वर्षवार याद्या आणि त्यांची कॉलेजं त्यांत मिळतात. काही खंड इंटरनेटवर आहेत, `Bombay University Calendar` असं शोध. विसाव्या शतकातल्या माणसासाठी मात्र कॉलेजचं नियतकालिक अधिक बोलकं ठरतं. कविता-लेखांची पानं नंतर वाच. आधी संपादक मंडळ, वसतिगृहाचा अहवाल, वादविवाद मंडळ, गॅदरिंगच्या नाटकातली पात्रं आणि संघांचे फोटो पाहा. एकच नाव तीन ठिकाणी चरित्रनायकाच्या शेजारी आलं, तर तो नुसता वर्गबंधू नसण्याची शक्यता बरीच आहे. फोटोखालची नावं डावीकडून मोजताना उभ्यांची रांग आणि बसलेल्यांची रांग यांची गल्लत होते. माणसं आणि नावं मोजून जुळतात का ते आधी बघ.

नावांचं आपल्याकडे वेगळंच दुखणं आहे. जोशी, कुलकर्णी, पाटील यांच्या गर्दीत आडनाव काहीच सांगत नाही. मधलं नाव, म्हणजे वडिलांचं नाव, हीच खरी खूण. ते आद्याक्षर नसेल तर माणूस नक्की झाला असं समजू नकोस. मुलींच्या बाबतीत मात्र लग्नानंतर हे मधलं नावही बदलतं. अंकातलं माहेरचं नाव आणि माजी विद्यार्थी संघाच्या यादीतलं सासरचं नाव जुळवायला बहुधा घरातल्या कुणाला तरी विचारावंच लागतं. आणि बालपणीचं नाव विसरू नकोस: साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचा प्रवेश झाला, तेव्हा शाळेच्या नोंदवहीत नाव लागलं ते ‘भिवा’ असं. ‘भीमराव’ एवढंच शोधणाऱ्याच्या नजरेतून ती नोंद निसटते.

माजी विद्यार्थ्यांची यादी अपुरी असते, हे धरूनच चाल. वर्गणी भरणारे, पत्ता कळवणारे तेवढेच तिच्यात. कॉलेज अर्धवट सोडलेला, परीक्षेत राहिलेला, घरच्या अडचणीने गावी परतलेला मित्र तिथे नसतो, आणि अनेकदा पहिल्या दिवसांची आठवण त्याच्याकडेच असते. अशी नावं हजेरीपटात, फीच्या नोंदवहीत किंवा पदवीआधीच्या परीक्षांच्या निकालात सापडतात.

उलट बाजूही आहे. माणूस मोठा झाला की ‘आम्ही एका बाकावर बसायचो’ म्हणणारे वाढतात. टिळकांच्या आठवणी त्यांच्यामागे सदाशिव विनायक बापटांनी पुस्तकरूपाने जमवल्या. अशी कुठलीही आठवण वाचताना सांगणाऱ्याची कॉलेजातली वर्षं तुझ्या मोठ्या कागदावर ठेवून पाहा. वर्षं जुळत नसतील तर आठवण खोटी म्हणून फेकू नकोस. ती बहुधा दुसऱ्याकडून ऐकलेली असते, आणि मग तो दुसरा कोण, हे शोधायचं.

हयात मंडळींचे पत्ते यादीतून उचलून थेट फोन करू नकोस. संघाच्या चिटणीसांकडे पत्र दे, त्यांनी ते पोचवावं. पत्रात ‘आठवणी सांगा’ असं मोघम लिहू नकोस. अंकातला फोटो जोड आणि विचार: मागच्या रांगेत डावीकडून तिसरे कोण?

तुझा,
काका