बॅट लांब करायची तर हातभर करा

पहिलं मीम करताय ना, मग १० जुलै २०१९ चा मँचेस्टरचा फोटो घ्या. न्यूझीलंडविरुद्धची सेमीफायनल, ४९वी ओव्हर, गप्टिलचा थेट थ्रो आणि धोनी क्रीजच्या जरासा अलीकडे. आपण १८ धावांनी हरलो.

नवखा माणूस इथे बॅट दोन इंच वाढवतो आणि फसतो. तो फोटो खराच वाटतो, मग तो कुटुंबाच्या ग्रुपवर ‘अंपायरने फसवलं’ म्हणून फिरतो. बॅट वेगळी कापून घ्या आणि तेवढीच ताणा, थेट दुसऱ्या टोकाच्या स्टंपपर्यंत. अख्खा फोटो ताणलात तर माणसं चपटी दिसतात. सावलीही तितकीच लांबवा, नाहीतर बॅट हवेत तरंगते.

वर एकच ओळ: ‘सोसायटीने वर्गणी काढून बॅट वाढवली, तरी रनआऊट!’ रडं आपलं, चाहत्यांचं असावं. खेळाडूच्या घरच्यांना मात्र अजिबात ओढू नका. त्या दिवशी धोनीने ५० केल्या होत्या हो! पाठवण्याआधी फोटो अंगठ्याएवढा करून बघा. अक्षरं वाचता आली नाहीत, तर शब्द कमी करा.