अक्षता वितळतात, कारण खरी हालचाल आधीच कुणीतरी फेकून दिली आहे

प्रश्न: आईबाबांच्या १९९४ च्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट दुकानातून एमपी४ करून आणली. सॉफ्टवेअरने 4K आणि ६० फ्रेम केली, तर चेहरे मेणाचे दिसतात आणि हात हलले की वितळल्यासारखे होतात. कुठली सेटिंग चुकतेय?

उत्तर: सेटिंगपेक्षा क्रम चुकलाय, आणि बहुधा तुमच्या हातात फाइल येण्याआधीच चुकलाय. मी घरच्या आणि नातेवाइकांच्या मिळून वीसेक कॅसेट केल्या आहेत. पहिल्या तीन-चार मीही अशाच बिघडवल्या.

आपल्याकडच्या व्हीएचएस कॅसेट पाल पद्धतीच्या. त्यात सेकंदाला २५ फ्रेम असतात असं म्हणतात, पण कॅमेरा प्रत्यक्षात सेकंदाला ५० वेळा बघत होता. एकदा सम ओळी टिपायच्या, सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर विषम ओळी. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. म्हणजे तुम्हाला जो गुळगुळीतपणा हवाय तो टेपमध्ये आहेच, आणि तो खरा आहे. दुकानदार एमपी४ करताना बहुतेक वेळा दोन फील्ड मिसळून एक चित्र करून २५ वर थांबतो. अर्धी हालचाल तिथेच गेली. मग तुमचं सॉफ्टवेअर त्या गेलेल्या हालचालीच्या जागी अंदाजाने नवीन चित्रं काढतं. खरं टाकून त्याच जागी खोटं भरायचं, असा हा उद्योग.

आधी तुमची फाइल तपासा. व्हीएलसीमध्ये उघडा, `D` दाबून डीइंटरलेस, म्हणजे फील्डवरून सलग चित्र करून दाखवणं, बंद करा, हात वेगाने हलतोय अशा जागी थांबवा आणि `E` दाबत एकेक फ्रेम पुढे जा. हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर आनंद माना, दोन्ही फील्ड शाबूत आहेत. हाताच्या जागी दोन पुसट हात एकमेकांवर दिसले तर फील्ड मिसळून टाकली आहेत, ती आता वेगळी होत नाहीत. दात आहेत पण जाडजूड, वेडेवाकडे दिसतात, तर कुणीतरी डीइंटरलेस न करताच चित्राचा आकार बदललाय. शेवटच्या दोन्ही प्रकारांत कॅसेट पुन्हा कॅप्चर करून घ्या आणि सांगा: ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड म्हणजे दोन्ही फील्ड तशीच ठेवून, आकार बदलू नका, "सुधारणा" काही नको. अशी फाइल डीव्ही प्रकारात घेतली तर तासाला साधारण १३ जीबी होते. पेन ड्राइव्ह मोठा न्या.

ती फाइल मिळाली की ffmpeg या फुकट प्रोग्रॅमला हा आदेश द्या:

```
ffmpeg -i lagna.avi -vf "bwdif=mode=send_field,scale=1440:1080:flags=lanczos,setsar=1" -c:v libx264 -crf 16 -c:a aac lagna_50p.mp4
```

यातला `send_field` महत्त्वाचा. त्यामुळे प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम होते आणि सेकंदाला ५० मिळतात. उरलेल्या ओळी इथेही अंदाजानेच भरल्या जातात, पण हात त्या क्षणी कुठे होता हे कॅमेऱ्याने टिपलेलं असतं. माणसं पुढे-मागे थरथरताना दिसली तर फील्डचा क्रम उलटा धरला गेलाय. `bwdif=mode=send_field:parity=bff` किंवा `tff` देऊन बघा. वेळ असेल तर क्यूटीजीएमसी नावाची डीइंटरलेसची स्क्रिप्ट याहून स्वच्छ काम करते, पण तासाभराच्या लग्नाला रात्र जाते. ५० चे ६० मात्र करू नका. हल्लीचे टीव्ही ५० सरळ दाखवतात.

आता अक्षतांकडे येतो. मावशीच्या लग्नाच्या कॅसेटवर मी आधी २५ चे ५० "बनवले" होते. फ्रेम इंटरपोलेशन काय करतं, तर पहिल्या चित्रातला प्रत्येक तुकडा दुसऱ्यात कुठे गेला हे शोधतं आणि त्याला मधल्या जागी ठेवतं. बैलगाडी संथ जात असेल तर हे जमतं. पण "शुभमंगल सावधान"ला हजार दाणे उडाले, सगळे सारखे, सगळे वेगवेगळ्या दिशांना. कुठला दाणा कुठे गेला हे कोण सांगणार? दाण्यांच्या जागी पांढरट ओघळ आले. मुंडावळ्या कपाळापुढे हलल्या की त्यांच्याबरोबर भुवईही सरकायची, कारण त्यांच्यामागे काय होतं हे त्या चित्रात नव्हतंच. अंतरपाट दूर होतो तिथे तर नवऱ्यामुलाचा अर्धा चेहरा कापडातून उगवला. फोटोवाल्याचा फ्लॅश एका फ्रेमपुरता असतो, तो मंद उजळून विझायला लागला. (त्या काळच्या मिक्सिंगवाल्याने बदामाच्या आकारात बसवलेली वरात मात्र कशानेही सुधारत नाही.) तीच जागा मूळ फील्डांवरून ५० केली तेव्हा काही दाणे वेगळे मोजता येत होते.

मेणाच्या चेहऱ्यांचं कारण वेगळं. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने सुटे ओळखता येतील असे जेमतेम ३२० ठिपके असतात. ७२० हा फक्त फाइलचा आकडा. चार-बाय-तीनचं चित्र 4K उंचीला नेलं की २८८० बाय २१६० होतं. आडवे नऊ आणि उभे पावणेचार, म्हणजे टेपवरच्या एका खऱ्या ठिपक्यामागे तेहतीस-चौतीस पिक्सेल भरायचे. साधं अपस्केलिंग ते मऊ करून पसरवतं. एआयवालं मात्र शिकलेल्या चित्रांवरून तिथे काय "असावं" ते रंगवतं. पंगतीच्या दृश्यात एक चेहरा चाळीस पिक्सेल रुंद, त्यात डोळा पाच-सहा. तेवढ्यावरून रंगवलेला डोळा तुमच्या आजीचा नसतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात मावशीची नथ ओठाच्या सावलीत विरघळली आणि शालूच्या बुट्ट्यांची जाळी झाली. मावशीने बघून विचारलं, "ही कोण रे?"

म्हणून माझा ढोबळ नियम: मूळ चित्रात चेहरा साधारण सत्तर पिक्सेलपेक्षा अरुंद असेल तर चेहरा सुधारणारं काहीही लावायचं नाही. क्लोजअप असेल तर एआयचं चित्र आणि वरच्या आदेशाचं साधं चित्र अर्धं-अर्धं मिसळायचं आणि वर `noise=alls=6:allf=t` ने थोडी खरखर परत टाकायची. अति गुळगुळीत कातडीवर नजर अडकते, खरखरीवर अडकत नाही. तपासताना थांबवलेली फ्रेम बघून फसू नका; दहा सेकंद चालवून दात, केसांची कड आणि जरीचा काठ बघा. प्रत्येक फ्रेमला वेगळा अंदाज बांधला गेला असेल तर तिथे मुंग्या चालल्यासारखी वळवळ दिसते. आणि 4K चा हट्ट सोडा, १४४० बाय १०८० पुष्कळ आहे.

आजोबांच्या काळची आठ मिलिमीटरची फिल्म असेल तर गणित बदलतं. ती सेकंदाला १६ किंवा १८ चित्रांची, मधली हालचाल कुठेच नोंदलेली नाही. तिथे आधी वेग बरोबर करा, नाहीतर सगळे धावतात. मग नवीन फ्रेम बनवण्याऐवजी आहेत त्याच पुन्हा दाखवा. थोडे धक्के बसतात, ते फिल्मचेच आहेत.

एक गंमत सांगून ठेवतो. ५० फ्रेमची फाइल घरी लावली की कुणीतरी म्हणेल, "हे मालिकेसारखं खोटं वाटतंय." कारण एमपी४ ची २५ बघून डोळ्यांना सवय झालेली असते. १९९४ मध्ये घरच्या टीव्हीवर कॅसेट लावली तेव्हा ती अशीच दिसली होती. आईबाबांना विचारा.