रात्रभर बसून प्रवास आणि उतरल्यावर थेट मुलाखत: कोणते कापड टिकते

प्रश्न: पुढच्या महिन्यात रात्रीचा अकरा तासांचा विमानप्रवास आहे, त्यानंतर तीन तास रेल्वे आणि उतरल्यावर थेट मुलाखत. मध्ये कुठेही खोली मिळणार नाही. आराम वाटावा म्हणून सुती शर्ट आणि सुती पँट घालण्याचा विचार आहे. मुलाखतीपर्यंत कपडे नीट राहतील का?

उत्तर: सुती शर्ट एक वेळ चालेल, कारण तो बदलता येतो, सुती पँट मात्र घालू नका. कापसाचा तंतू ओलावा शोषतो, आणि ओलसर व उबदार असताना त्याला जो आकार मिळतो तोच तो कोरडा होताना धरून ठेवतो. इस्त्री याच गुणावर चालते: पाण्याचा शिडकावा, उष्णता आणि दाब. आसनावर बसलेल्या माणसाच्या मांडीखाली, जांघेत आणि गुडघ्यामागे नेमक्या याच तीन गोष्टी तासन्‌तास एकत्र असतात, म्हणजे आपणच आपल्या वजनाने चुण्यांना इस्त्री करत असतो. विमानातली हवा पुष्कळ कोरडी असते हे खरे, पण शरीर आणि आसन यांच्यामध्ये अडकलेली हवा तशी नसते. लिननची गत याहूनही वाईट होते.

पॉलिस्टरचा तंतू पाणी जवळजवळ शोषत नाही आणि त्यात घडी कायम बसायला साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअस तापमान लागते, त्यामुळे अंगाच्या उष्णतेने त्यावर कायमची चुणी पडत नाही. त्याचा दोष वेगळा आहे: त्यात घाम शोषला जात नाही आणि त्वचेचे तेल तंतूला चिकटून राहते, म्हणून दहा तासांनंतर काखेत वास धरतो. अंगालगतच्या कपड्यासाठी मी ते घेणार नाही. लोकर या दोन्हींच्या मधली वाट देते. तिचा तंतू स्प्रिंगसारखा नागमोडी असतो, दाबला तरी मोकळा सोडल्यावर पूर्ववत होऊ पाहतो, आणि आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेऊनही ओला लागत नाही. लोकर म्हटली की स्वेटर डोळ्यांसमोर येतो, पण पँटसाठी पातळ, हवा खेळती ठेवणारे लोकरी सूटिंग मिळते. दर चौरस मीटरला २०० ते २६० ग्रॅम वजनाचे कापड या प्रवासाला योग्य. शुद्ध लोकर परवडत नसेल तर पॉलिस्टर आणि लोकर मिसळून विणलेले टेरीवूल घ्या. पँटच्या बाबतीत ते शुद्ध लोकरीपेक्षा फारसे कमी पडत नाही, कारण तिथे वासाचा प्रश्न कमी आणि चुण्यांचा अधिक असतो.

दुकानात बहुतेक जण कापडाचा कोपरा मुठीत अर्धा मिनिट आवळून पाहतात. निवड करताना ही परीक्षा उपयोगी आहे, पण ती कोरड्या कापडाची परीक्षा आहे आणि सुरकुतीरोधक प्रक्रिया केलेले सुती कापड त्यात सहज उत्तीर्ण होते. मी एकदा असलीच एक पँट घालून रात्रभर प्रवास केला. सकाळी जांघेपासून पंख्यासारख्या पसरलेल्या रेषा दिसल्या, म्हणून प्रसाधनगृहात ओला हात फिरवला, आणि रेषा तशाच राहून वर पाण्याचे डाग उमटले. त्या डागांसह मला बैठकीला बसावे लागले. तेव्हापासून मी पँट आधी घरी घालते, अर्धा तास भरभर चालून येते आणि मग लगेच दोन तास खुर्चीवर बसते. उठल्यावर पाहायच्या जागा दोनच आहेत: पुढून जांघ आणि मागून गुडघ्याचा खोलगट भाग. पँट टांगल्यावर तासाभरात तिथल्या रेषा पुसट झाल्या नाहीत, तर ती पँट या कामाची नाही. गुडघ्यांवर कापड फुगून तसेच राहिले, तरीही नाही. ताणल्या जाणाऱ्या सुती पँटमध्ये हा दोष विशेष दिसतो.

रंगाबद्दल थोडक्यात सांगते. चुणी दिसते ती तिच्या सावलीमुळे, म्हणून फिक्या सपाट रंगावर ती उठून दिसते आणि मध्यम गडद, बारीक पोत असलेल्या कापडात हरवते. गडद राखाडी किंवा निळा रंग घ्या. काळ्यावर आसनाचे आणि पांघरुणाचे तंतू स्पष्ट दिसतात.

मापाचा विचार बहुतेक वेळा राहून जातो. बसल्यावर कंबर आणि नितंबांचा घेर वाढतो. शिवाय उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका राखला जातो, त्यामुळे पोटातील वायू पाव पट किंवा त्याहून थोडा अधिक प्रसरण पावतो. उभ्याने अचूक बसणारी पँट म्हणूनच चौथ्या तासाला काचू लागते, आणि घट्ट कापडावर चुण्याही अधिक खोल पडतात. बसलेल्या स्थितीत कमरेच्या पट्टीत तळहात सहज जाईल असे माप घ्या, मांडीवर सैल ठेवा, पट्टा सामानात ठेवून शेवटी लावा. बूट आधी वापरलेले आणि नाडीचे असावेत, कारण बराच वेळ बसून पाय सुजतात आणि नाडी सैल करता येते. मोज्यांची वरची कड रुतणारी नको. दाब देणारे मोजे घ्यायचे असतील तर घोटा आणि पोटरी मोजूनच घ्या, आणि पूर्वी रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता तुमच्या चौदा तासांची मांडणी करू. पँट एकच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच, कारण अरुंद प्रसाधनगृहात पँट बदलताना ती जमिनीला लागतेच. अंगात पातळ मेरिनो लोकरीचा किंवा सुती टी-शर्ट, त्यावर पुढून उघडणारा निटेड कार्डिगन. रात्री गारठा वाढला की तो घालता येतो आणि उकडले की काढता येतो. बसण्यापूर्वी पँट गुडघ्यांवर चिमटीने थोडी वर ओढा, म्हणजे कापड तिथे ताणले जात नाही. दर दीड-दोन तासांनी उठून दोन मिनिटे उभे राहा. ते पायांना हवेच असते, आणि तेवढ्यात कापडाची ओल उडून लोकर मोकळी होते.

मुलाखतीचा शर्ट हातातल्या पिशवीत ठेवा. बटणे लावून, मऊ टी-शर्टभोवती सैल गुंडाळलेला शर्ट घट्ट घडीपेक्षा चांगला राहतो. कोट नेणार असाल तर एक खांदा उलटा करून दुसरा त्यात बसवा, अस्तर बाहेर ठेवून उभा दुमडा आणि डोक्यावरच्या कप्प्यात सगळ्यांत शेवटी, सर्व सामानाच्या वर ठेवा. आधी ठेवलात तर त्यावर कुणाची तरी पेटी येते.

शर्ट विमानातून उतरताना बदलू नका, पुढे तीन तासांची रेल्वे आहे. रेल्वेत पाठीला टेकाल तर त्यावरही रेषा येतील. शेवटच्या स्थानकावर उतरल्यावर बदला. कॉलरखाली आणि काखेत ओला रुमाल फिरवून त्वचा पूर्ण कोरडी करा, मगच शर्ट घाला, नाहीतर सुती कापड तिथल्या तिथे चुरगळते. शर्ट आत खोचून पट्टा लावा, नाड्या पुन्हा आवळा, आणि मुलाखतीच्या ठिकाणी बोलावणे येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे शक्य असल्यास उभ्यानेच काढा. पँटवरच्या उरलेल्या रेषा तेवढ्या वेळात बऱ्याच उतरतात.