बाहेर येतं ते मूळव्याध की गुदभ्रंश?

प्रश्न: आई ७१ वर्षांची आहे. शौचाला बसली की लाल गोळा बाहेर येतो, हाताने आत ढकलावा लागतो. दोन वर्षं मूळव्याधीची मलमं आणि गोळ्या चालू आहेत, फरक नाही. आता भावाच्या अडीच वर्षांच्या मुलाचंही तसंच बाहेर आलेलं दिसलं. घराण्यात आहे का हे? आणि दोघांना ऑपरेशन लागणार का? (कळवा, ठाणे)

उत्तर:

दोघांचं एकाच वेळी दिसलं हा योगायोग समजा. आईचं आणि नातवाचं कारण वेगळं, उपाय वेगळा, आणि नातवाचं बहुतेक ऑपरेशनाशिवाय सुटेल. आईंचं मात्र मलमाने सुटणारं दिसत नाही.

मी २६ वर्षं सर्जरीच्या ओपीडीत आणि वॉर्डात सिस्टर होते. आता ऐरोलीला घरी असते. तरी हे जे सांगतेय ते जास्त करून माझ्या सख्ख्या आत्यामुळे शिकले, कारण माझ्या नाकासमोर तिची दोन वर्षं वाया गेली.

आत्या तेव्हा ७४ वर्षांची, राहायला कोपरखैरण्याला. तिने पहिल्यांदा डॉक्टरांना सांगितलं, "माझं अंग बाहेर येतं." आपल्याकडे हे शब्द गर्भाशयासाठीही वापरतात आणि गुदद्वारासाठीही. ऐकणाऱ्या बाईंनी गर्भाशयाची तपासणी केली, काही नाही म्हणाल्या. मग दुसऱ्या एका दवाखान्यात मूळव्याध म्हणून दोनदा रबर बँड लावले. दोन्ही वेळा तिला टेबलावर कुशीवर झोपवून तपासलं होतं. झोपलेल्या माणसाचा गुदभ्रंश, म्हणजे गुदद्वारातून बाहेर येणारा आतड्याचा भाग, आपसूक आत गेलेला असतो, आणि मग दिसतात त्या आतल्या किंचित फुगलेल्या शिरा. त्या तर या वयात कुणाच्याही दिसतील.

एके दिवशी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा दोरीवर जुन्या सुती साड्यांच्या घड्या वाळत होत्या. पाळी जाऊन २५ वर्षं झालेल्या बाईला घड्या कशाला लागतात? विचारल्यावर रडली. कपड्यांना सारखा चिकट शेंबडासारखा द्रव लागायचा, कधी पातळ शौचही. म्हणून बसने जाणं बंद, भजनाला जाणं बंद. दाराबाहेर उभी राहून म्हटलं, नेहमीसारखी कमोडवर बस, पाच मिनिटं कुंथ, आणि बाहेर आलं की उठू नकोस, मला हाक मार. आत गेले आणि मोबाईलवर फोटो काढला. त्या एका फोटोने जे झालं ते आधीच्या चार तपासण्यांनी झालं नव्हतं.

काय पाहायचं ते सांगते. मूळव्याध म्हणजे गुदद्वाराजवळच्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगणं. बाहेर आल्या तरी त्यांचे तीन-चार वेगळे गुबगुबीत गोळे दिसतात आणि मधल्या खाचा मोसंबीच्या फोडींसारख्या, मध्यापासून बाहेर जाणाऱ्या असतात. पूर्ण गुदभ्रंशात आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे गुदाशय, मोज्याचं तोंड उलटं करावं तसा सगळ्या जाडीसकट बाहेर येतो. त्यावर सुरकुत्या गोल असतात, पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारख्या, आणि मधोमध भोक. हातमोजा घालून चिमटीत धरलं तर मूळव्याध मऊ लागते, इथे दुहेरी जाड भिंत जाणवते. आणि चार-पाच सेंटिमीटरहून लांब बाहेर येत असेल तर सहसा मूळव्याध नसतेच. आत्याचं सहा सेंटिमीटर होतं.

रक्तावरून मात्र भेद करू नका. ठिबकणारं लालभडक रक्त मूळव्याधीत जास्त, शेंबूड आणि कपडे खराब होणं गुदभ्रंशात जास्त, पण रक्त दोन्हीकडे पडू शकतं. या वयात रक्त पडतंय म्हटल्यावर दुर्बिणीने मोठं आतडं बघून घ्यायचंच, कारण कधी कधी आतली गाठच गुदाशयाला खाली ओढत असते. आत्याची कोलोनोस्कोपी स्वच्छ निघाली.

"बाळंतपणांमुळे झालं असेल," असं प्रत्येक जण म्हणत होता. आत्याला मूलच नाही. ५० च्या पुढच्या बायकांत हा त्रास पुरुषांच्या सहापट दिसतो हे खरं, पण त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश बायका कधी बाळंत झालेल्याच नसतात. वर्षानुवर्षांचं कुंथणं आणि कटितळाचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, सैल पडलेले स्नायू, एवढंही पुरतं.

आता ऑपरेशन. मोठ्या माणसात पूर्ण गुदभ्रंश औषधाने आत राहत नाही. इसबगोल, लॅक्टुलोज यांनी कुंथणं कमी होतं, कटितळाच्या व्यायामाने आवळून धरण्याला थोडी मदत होते, पण सुटलेलं बांधलं जात नाही. घाई नसते, हेही खरं. मात्र जितकी वर्षं ते रोज बाहेर येईल तितका गुदद्वाराचा आवळणारा स्नायू ताणला जातो, आणि एकदा तो थकला की ऑपरेशननंतरही शौचावरचा ताबा पुरता परत येत नाही. दोन वर्षं थांबण्याची किंमत ही असते.

वाटा दोन. पोटातून, हल्ली बहुधा दुर्बिणीने: गुदाशय वर ओढून पाठीमागच्या हाडाला, म्हणजे त्रिकास्थीला, टाक्यांनी किंवा जाळीने अडकवायचा. याला रेक्टोपेक्सी म्हणतात. पूर्ण भूल लागते, पण पुन्हा बाहेर येण्याचं प्रमाण सहसा कमी. दुसरी वाट खालून, पोटाला हात न लावता, कमरेत इंजेक्शन देऊन: डेलॉर्मच्या पद्धतीत बाहेर आलेल्या भागाचं फक्त आतलं अस्तर सोलून काढतात आणि उरलेला स्नायू परकराच्या नेफ्यासारखा चुण्या घालून गोळा करतात. लांब भ्रंश असेल तर तो जादा भागच कापून खालून जोड देतात, ती आल्टमायरची पद्धत. खालून केलेलं शरीराला सोसवतं, पण परत येण्याची शक्यता जास्त.

निवड वयाच्या आकड्यावर करू नका. आमच्या घरी सगळे "७४ वर्षांची आहे, पोट नको" म्हणत होते. सर्जननी वय बाजूला ठेवलं आणि हृदयाची इको काढायला सांगितली. पूर्ण भूल सोसेल का, एवढाच प्रश्न होता. तिच्या हृदयाचं पंपिंग कमी निघालं, म्हणून डेलॉर्म केलं. धडधाकट असती तर त्याच वयात दुर्बिणीने रेक्टोपेक्सी केली असती, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

चौथ्या दिवशी घरी आली. सहा आठवडे बादली, गॅस, नातवंडं काही उचलायचं नाही, आणि शौच मऊ ठेवायचं. घड्या लगेच सुटल्या नाहीत. चारेक महिन्यांनी दिवसा लागेनाशा झाल्या, पातळ शौच झालं तर अजूनही घाई होते. तीन वर्षांनी अस्तर जरासं दिसू लागलं आहे, पूर्ण बाहेर येत नाही. तिला ते चालतंय. ज्यांना अगदीच भूल देता येत नाही त्यांना मऊ शौच आणि हाताने आत ढकलणं यावरच ठेवतात, तेही चूक नव्हे.

तुम्ही कळव्याचे, तर महापालिकेच्या रुग्णालयाची सर्जरी ओपीडी जवळ आहे. फोटो सोबत न्या आणि "मूळव्याध" हा शब्द उच्चारू नका. एवढंच म्हणा: कुंथल्यावर इतकं बाहेर येतं, हाताने ढकलावं लागतं, कपडे खराब होतात. कमोडवर बसवून बघा म्हणून आग्रह धरा. गुदद्वाराच्या आवळण्याची ताकद किती उरली आहे तेही बोटाने तपासायला सांगा. ट्रेनच्या डब्यात "बिना ऑपरेशन, एका दिवसात" म्हणून चिकटवलेल्या कागदांवरच्या नंबरांना अजिबात फोन करू नका. मूळव्याध समजून त्या जागी कापाकापी झाली आणि आधीच दुबळा स्नायू दुखावला, तर नंतर तो नीट करणं फार अवघड असतं.

आता भाचा. चार वर्षांखालच्या मुलांत त्रिकास्थी अजून सरळ असते आणि गुदाशयाचं अस्तर खाली सैल बसलेलं असतं, म्हणून जोर लागला की ते घसरतं. मोठ्या माणसांचा गोल वलयांचा नियम इथे चालत नाही, कारण मुलांत बहुतेकदा नुसतं अस्तर बाहेर येतं आणि त्याच्या खाचा उभ्याच असतात. मूळव्याध या वयात जवळपास नसतेच. कारण शोधायचं ते असं: कडक शौच, लांबलेली हगवण, जंत, कुपोषण. आणि हल्लीचं एक: पॉटीवर पाय लोंबकळत ठेवून हातात मोबाईल, वीस मिनिटं बैठक. पायाखाली पाट द्या, पाच मिनिटांत उठवा, शौच मऊ करायचं औषध बालरोगतज्ज्ञ वजनावर ठरवतील. बहुतेक मुलांचं काही महिन्यांत थांबतं. वयाच्या चार वर्षांनंतरही येत राहिलं किंवा दर वेळी आत ढकलताना दुखलं, तर अस्तराखाली इंजेक्शन देतात, शस्त्रक्रिया त्याच्याही नंतर. वारंवार येत असेल तर घामाची एक तपासणी सांगतील. सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या आजारासाठी असते, आपल्याकडे क्वचित निघतो.

चेरीसारखा एकच गर्द लाल गोळा दिसला आणि रक्त पडलं, तर तो पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला कोंब, असू शकतो. मूल पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून किंचाळत असेल, ओकत असेल, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. त्या वेळी घरी काही ढकलत बसू नका.

एरवी आत ढकलायची रीत दोघांची सारखीच: कुशीवर, गुडघे छातीशी, ओल्या मऊ फडक्याला पेट्रोलियम जेली लावून मधोमध हळू, सलग दाब. घाईने रेटायचं नाही. सूज येऊन अडकलं तर कॅज्युअल्टीत त्यावर साधी साखर पसरतात, ती पाणी ओढून घेते, सूज उतरते आणि साधारण १५-२० मिनिटांत आत जातं. शुगर-फ्री चालत नाही, एका नव्या मुलीने तीही आणून दिली होती. पण रंग काळानिळा झाला असेल तर साखरेचा विचारही न करता १०८ लावा.